प्रकरण अभ्यास: आईची बदली, शाळेची व्हॅन आणि सकाळची वीस मिनिटं

हे प्रकरण साताऱ्यातलं आहे. शाळेच्या परिवहन समितीवर मी पालकांचा प्रतिनिधी आहे आणि व्हॅनच्या वेळांवरून होणाऱ्या बहुतेक कुरबुरी आमच्याकडे येतात. संबंधित कुटुंब आणि व्हॅनवाले मामा या दोघांना विचारून हे लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि एकदोन बारीक तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी तिसरीत आहे. घर शाहूनगरच्या वरच्या अंगाला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. शाळा सदर बझारच्या बाजूला. वडील शिरवळच्या एका कारखान्यात आहेत, कंपनीची बस पकडायला ते पहाटेच घर सोडतात. आई एका पतसंस्थेत कामाला. पूर्वी त्या साताऱ्यातल्याच शाखेत होत्या, त्यामुळे ८.३० ला मुलीला दारातून व्हॅनमध्ये बसवायचं, मग आवरून निघायचं, असा दिनक्रम बसला होता.

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. तेव्हापासून आमच्याकडे बहुतेक व्हॅन सकाळी दोन खेपा करतात. पहिली मोठ्या मुलांची, दुसरी लहानांची. आपले हे मामा पहिली खेप उरकून कोडोलीला घरी जातात, चहा-नाश्ता करतात आणि ७.५५ ला तिथूनच दुसरी खेप काढतात. कोडोली, अजंठा चौक, गोडोली, मग वर शाहूनगर, परत खाली उतरून पोवई नाका आणि शाळा. व्हॅन त्यांच्याच मालकीची आहे. मुलांना चढवायला-उतरवायला एक मावशी असतात.

दिवाळीच्या आधी आईंच्या हातात बदलीचा आदेश पडला. सुट्टी संपली की कोरेगाव शाखेत हजर व्हायचं. कोरेगाव साधारण वीस किलोमीटर. साडेनऊला काउंटरवर बसायचं तर स्टँडवरून ८.४० ची एसटी गाठायला हवी. स्कूटर लावून फलाटावर पोचायचं म्हणजे घरातून ८.१५, फार तर ८.२० ला निघणं भाग. मुलीची व्हॅन यायची ८.३० ला.

पहिला निरोप आणि पहिला सोमवार

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आईंनी मामांना दारातच गाठलं. व्हॅन चालू, आत मुलांचा गलका, मागून एक दूधवाला हॉर्न वाजवतोय. त्या म्हणाल्या, "मामा, सुट्टीनंतर जरा लवकर याल का? माझी बदली झालीय." मामा म्हणाले, "बघू की ताई." आणि गिअर टाकला.

आईंना वाटलं, सांगून झालं. मामांना वाटलं, ताईंची एखाद्या दिवसाची अडचण असेल, सुट्टीनंतर फोन करतीलच. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी मुलगी ८.०५ पासून दप्तर पाठीला लावून उभी होती. व्हॅन आली नेहमीच्या वेळेला. ८.४० ची गाडी अर्थातच चुकली आणि नव्या शाखेत पहिल्याच दिवशी उशिराची नोंद झाली. त्या संध्याकाळी आईंचा समितीकडे फोन आला, तोही तक्रारीच्या सुरात: "दोन आठवडे आधी सांगूनही मामांनी ऐकलं नाही."

मी दोघांशी बोललो. मामा खोटं बोलत नव्हते आणि ताईही नाही. पण त्या एका वाक्यात तीन गोष्टी नव्हत्या. लवकर म्हणजे किती वाजता, कोणत्या तारखेपासून, आणि हा बदल चार दिवसांचा की कायमचा. शिवाय चालू गाडीत, पाठीमागे बारा पोरं असताना कोणताही ड्रायव्हर नाही म्हणत नाही. तो "बघू" म्हणतो आणि पुढच्या दाराला निघतो. पालकांनी अशा उत्तराला होकार समजू नये, एवढं मी आता प्रत्येकाला सांगतो.

खरी अडचण कुठे होती

मंगळवारी दुपारी शाळा सुटायच्या आधी आम्ही तिघं भेटलो. आईंनी त्यासाठी अर्धा दिवस रजा काढली होती. व्हॅनवाले पावणेतीनलाच शाळेजवळ गाड्या लावून बसतात. त्यांच्याशी बोलायला दिवसातली ही सर्वांत चांगली वेळ. गाडी बंद असते, पुढची खेप डोक्यावर नसते आणि माणूस नीट ऐकतो.

मामांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक वही काढली. चारआठ पानं निसटलेली, कडेला रबर लावलेली. एका पानावर दुसऱ्या खेपेतल्या मुलांची नावं चढायच्या क्रमाने आणि समोर पेन्सिलीने वेळा. कोडोलीतलं पहिलं पोर ७.५५. गोडोली नाक्यावर दोघं, ८.१२. शाहूनगरात शिरताना ८.१८, मग एकेक घर करत सर्वांत वरचं, म्हणजे या मुलीचं, ८.३०. पोवई नाका ८.४०, शाळेचं फाटक ८.५०.

त्या पानावर पेन्सिल ठेवून ते म्हणाले, "ताई, तुम्हाला वीस मिनिटं हवीत. ही वीस मिनिटं मी कुणाच्या घरातनं आणू ते सांगा."

आईंना ती वही बघेपर्यंत आपली वेळ एकट्याची वाटत होती. प्रत्यक्षात त्यांच्या दाराची वेळ आधीच्या दहा दारांवर बांधलेली होती. एक दार वीस मिनिटं आधी घ्यायचं तर व्हॅन वीस मिनिटं आधी सुटली पाहिजे, म्हणजे कोडोलीतल्या सहा वर्षांच्या पोराला ७.३५ ला तयार ठेवायचं. किंवा क्रम बदलायचा. शेवटच्या टोकाला ढील फक्त पाच-सात मिनिटांची होती आणि ती पोवई नाक्यावरच्या गर्दीसाठी राखलेली, तिला हात लावायला मामा तयार नव्हते. त्यात त्यांचं चुकीचं काही नव्हतं.

तोलून पाहिलेले पर्याय

सगळी खेपच आधी काढणं तिथेच बाद झालं. एका घरासाठी दहा घरांची सकाळ हलवायची तर दहाही पालकांची संमती हवी, आणि ती मिळाली तरी महिन्याभरात कुरबूर सुरू होते, हा समितीचा अनुभव आहे.

मुलीला पहिल्या खेपेत मोठ्या मुलांबरोबर पाठवायचं, हे आईंनीच सुचवलं. पण ती खेप सात-सव्वासातला शाळेत पोचते. प्राथमिकचे वर्ग ८.४० ला उघडतात आणि त्याआधी लहान मुलांची जबाबदारी शाळा घेत नाही. दीड तास पोरगी पायरीवर बसणार. हेही सुटलं.

शेजारच्या आजींकडे सव्वाआठला सोपवायचं आणि त्यांनी ८.३० ला व्हॅनमध्ये बसवायचं, हा सर्वांत सोपा मार्ग दिसत होता. मला स्वतःला तोच पटला होता. आई मात्र तयार होईनात. दुपारी मुलगी उतरते तेव्हा तिला आजीच घेतात आणि आई येईपर्यंत तीन-साडेतीन तास सांभाळतात. सकाळचाही भार त्यांच्यावर टाकला तर त्या नाही म्हणणार नाहीत, पण एखाद्या दिवशी आजारी पडल्या की दोन्ही टोकं एकदम तुटतील. हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

शाहूनगरातल्या घरांचा क्रम उलटा करायचा, म्हणजे या मुलीला ८.३० ऐवजी ८.२० ला घ्यायचं, यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. कागदावर जमत होतं. पण मामा एका बाजूच्या सोप्या चढाने वर जातात आणि दुसऱ्या, उभ्या उताराने खाली येतात. क्रम उलटा केला की भरलेली व्हॅन त्या उभ्या चढावर घालायची. आणि एवढं करून आईंच्या हाती ८.२० च लागणार, म्हणजे त्यांच्या अगदी शेवटच्या मिनिटाला. व्हॅन तीन मिनिटं उशिरा आली की एसटी गेली.

मार्ग निघाला तो मामांच्याच बोटातून. वहीतल्या गोडोलीच्या ओळीवर बोट आपटत ते म्हणाले, "तुम्ही स्टँडला जाता कुठनं? गोडोलीवरनंच ना? मग मी ८.१२ ला तिथंच असतो."

काय ठरलं

आईंनी सकाळी मुलीला स्कूटरवरून गोडोली नाक्यावर आणायचं, ८.१० ला. व्हॅन तिथे नाहीतरी थांबतेच. मुलगी चढली की आई थेट स्टँडकडे. व्हॅन वर शाहूनगरला जाऊन परत येणार, त्यामुळे मुलीचं बसणं पंधरा-वीस मिनिटांनी वाढणार होतं. दुसऱ्या कुणाचीही वेळ हलत नव्हती, उलट सर्वांत वरचं घर वगळल्याने मामांची तीन-चार मिनिटं वाचत होती. भाडं कमी करा, असं आई म्हणाल्या नाहीत. मामांनीही जास्त मागितलं नाही. माझ्या मते ही दोघांचीही समज चांगली होती.

थांबायचं किती, हेही तिथेच बोलून घेतलं. मामा दोन मिनिटं थांबतील, मग फोन करतील. अजंठा चौकात अडकून ८.२० च्या पुढे जाणार असं दिसलं तर मावशी आईंना फोन करतील आणि त्या दिवशी आई पुढच्या गाडीने जातील. उशीर कधीतरी होणारच, त्या दिवशी कुणी काय सोसायचं एवढं आधी ठरलेलं बरं.

मग मी आईंना म्हटलं, आता हे लिहून पाठवा. व्हॅनच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. त्या ग्रुपवर सुप्रभातची फुलं आणि वाढदिवसांच्या खाली निरोप संध्याकाळपर्यंत दिसेनासा होतो. मामांना आणि मावशींना वेगवेगळा पाठवा आणि मामांकडून उलट लिहून घ्या. आईंनी पाठवलेला निरोप असा होता:

"मामा, आज ठरल्याप्रमाणे सोमवार १८ तारखेपासून कायमसाठी बदल: तिसरीतल्या आमच्या मुलीचा स्टॉप आता गोडोली नाका, वेळ ८.१०. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा पूर्वीसारखं घरूनच. कृपया वाचल्याचं कळवा."

तारीख आहे, वेळ आकड्यात आहे, कायमचा असल्याचं स्पष्ट आहे, शनिवारची आठवण ठेवली आहे. हा शनिवार बहुतेक जण विसरतात आणि पहिल्याच आठवड्यात घोळ होतो. मामांनी "ठीक आहे ताई सोमवारपासून गोडोली" असं उत्तर दिलं. रविवारी रात्री आईंनी एक आठवणीचा फोनही केला.

शाळेलाही अर्ज दिला. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि मार्ग, थांबे यांच्याकडे लक्ष ठेवणं तिचं काम आहे. त्यामुळे मूल कुठे चढतं-उतरतं याची शाळेतली नोंद जुनी राहता कामा नये. अर्ज चार ओळींचा होता. कार्यालयात नोंद बदलून घेतली, वर्गशिक्षिकांना डायरीतून कळवलं.

सोमवारी व्हॅन ८.१३ ला आली. आईंना एसटीत खिडकी मिळाली.

गुरुवारची दुपार

तिसऱ्या आठवड्यातल्या एका गुरुवारी मामा गावाकडच्या लग्नाला गेले आणि त्यांचा पुतण्या व्हॅनवर आला. परवाना, बॅज सगळं रीतसर, याआधीही तो येत असे. मामांनी त्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. त्या पानावर शाहूनगरातलं मुलीचं नाव खोडून गोडोलीच्या ओळीत लिहिलेलं. सकाळ व्यवस्थित पार पडली.

दुपारी परतताना पुतण्याने तीच यादी वापरली. गोडोलीला व्हॅन थांबवून तो म्हणाला, "चल बाळा, उतर." मुलगी उठलीसुद्धा, कारण सकाळी ती इथेच चढते आणि मोठं माणूस उतर म्हणतंय. मावशींनी तिचं दप्तर हातात धरून ठेवलं. त्यांनाही खात्री नव्हती. दुपारचा स्टॉप बदलला की नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण घ्यायला ओळखीचं कुणी दिसत नाही तोवर लहान पोराला खाली उतरवायचं नाही, ही त्यांची पद्धत. त्यांनी आईंना फोन लावला. आई काउंटरवर, फोन ड्रॉवरमध्ये. मग वडिलांना लावला. वडील म्हणाले, "नाही मावशी, घरीच सोडा. आजी आहेत." सगळं मिळून सात-आठ मिनिटं गेली, आणि वर गेटाशी आजी तोवर रस्त्याकडे डोळे लावून उभ्या.

निरोप परत वाचला तर चूक ढळढळीत दिसते. "स्टॉप आता गोडोली नाका." सकाळचा, असं कुठेच म्हटलेलं नाही. मामांना प्रत्यक्ष बोलण्यातून ते माहीत होतं, म्हणून तीन आठवडे काही बिघडलं नाही. जो माणूस त्या बोलण्याला हजर नव्हता, त्याच्याकडे फक्त ती ओळ पोचली.

दुसऱ्या दिवशी आईंनी निरोप दुरुस्त करून पाठवला, या वेळी मामा, पुतण्या आणि मावशी तिघांनाही:

"सोमवार ते शुक्रवार, सकाळी: गोडोली नाका, ८.१०. दुपारी: पूर्वीप्रमाणे शाहूनगर, घराच्या गेटवर, आजींच्या ताब्यात. दुपारच्या वेळेत किंवा जागेत काहीही बदल नाही. शनिवारी दोन्ही वेळा घर. फोन लागला नाही तर वडिलांना करावा."

मामांनी वहीत सकाळ आणि दुपार अशी दोन पानं केली. खरं तर ती आधीपासूनच असायला हवी होती. आता आमच्या शाळेच्या सगळ्याच व्हॅनना समितीने तसं सांगितलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा फरक पहिल्या दिवशीच पडला असता. आईंकडे दिवाळीची अख्खी सुट्टी होती. त्या काळात व्हॅनवाले मोकळे असतात आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस हा बदल सुरू करायला सोयीचा असतो, कारण तेव्हा सगळ्यांचीच घडी नव्याने बसते. दारातल्या एका वाक्याऐवजी सुट्टीत मामांच्या घरी पाच मिनिटं बसून बोलणं झालं असतं तर तो पहिला आठवडा वाचला असता.

मागणी मांडायची पद्धतही बदलता आली असती. आई सुरुवातीला "लवकर या" म्हणत होत्या. ते व्हॅनवाल्याच्या हातात नसतं. "मला ८.२० च्या आत मुलीला तुमच्याकडे सोपवायचं आहे, तुमच्या वाटेवर कुठे जमेल?" असं विचारलं की बोलणं मामांच्या वहीकडे वळतं. वाट आणि गर्दी त्यांना पाठ आहे. गोडोलीचा मार्ग मला किंवा आईंना दिसला नाही तो याचमुळे.

बदली ड्रायव्हरचा विचार मलाही सुचायला हवा होता, असं आई गमतीने म्हणतात. त्यावर माझं म्हणणं एवढंच की व्हॅनवाला ठरला की त्याच दिवशी "तुम्ही नसलात तर कोण येतं?" हे विचारून त्याचा नंबर घ्यावा. बदलाचा निरोप त्यालाही जायला हवा.

मुलीशी बोलणं राहून गेलं होतं, हे वडिलांनी लक्षात आणून दिलं. आठ वर्षांच्या पोरीला "सकाळी नाका, दुपारी घर, दुसरं कुणी काही म्हणालं तर मावशींना सांग" एवढं पक्कं पाठ असतं, तर ती गोडोलीला जागेवरून उठलीच नसती.

एका बाबतीत आमच्यात अजून मतभेद आहेत. समितीतल्या काहींचं म्हणणं, असा प्रत्येक बदल आधी शाळेने मंजूर करावा, मगच व्हॅनवाल्याने अमलात आणावा. मला ते जड वाटतं. थांबा मार्गावरचाच असेल आणि दुसऱ्या कुणाची वेळ हलत नसेल, तर पालक आणि व्हॅनवाल्याने ठरवावं आणि त्याच दिवशी शाळेला लेखी कळवावं. क्रम किंवा सुटायची वेळ बदलणार असेल तर मात्र समितीपुढे यावं.

सध्याची स्थिती

व्यवस्था सुरू आहे. मधल्या काळात दोनदा व्हॅन अजंठा चौकात अडकली, दोन्ही वेळा मावशींचा फोन आला आणि आई पुढच्या गाडीने गेल्या. मुलीला वाढलेला प्रवास जाचत नाही. वर जाताना तिला खिडकीची जागा मिळते.

पावसाळ्याचं अजून ठरायचं आहे. गोडोली नाक्यावर त्यांच्या थांब्याला आडोसा नाही, आणि साताऱ्याच्या जुलैमधल्या पावसात दप्तरासह लहान मुलीला स्कूटरवरून तिथे आणून उभं करणं अवघड आहे. मामांचं म्हणणं, थांबा शंभरेक पावलं पुढे, दुकानांच्या शेडखाली घेऊ. पण तिथे सकाळी टेम्पो लागलेले असतात. जूनमध्ये नवीन मुलं येतील तेव्हा सगळीच वही नव्याने लिहावी लागणार आहे. त्या वेळी हे धरावं, असा अर्ज आईंनी आत्ताच देऊन ठेवला आहे. त्यात सकाळ आणि दुपार वेगवेगळी लिहिली आहे.